काटकोनात छेदणाऱ्या दोन वृत्तचितींचा सामाईक भाग: चौरसांचे थर लावून घनफळ

एक भरीव वृत्तचिती पूर्व-पश्चिम आडवी ठेवली आहे. तेवढ्याच जाडीची दुसरी वृत्तचिती दक्षिण-उत्तर आडवी आहे आणि ती पहिलीच्या बरोबर मधून आरपार गेली आहे. दोघींचे अक्ष एकाच बिंदूत, काटकोनात भेटतात. मधोमध जो भाग एकाच वेळी दोन्ही वृत्तचितींच्या आत आहे, त्याचे घनफळ आपल्याला काढायचे आहे.

हातात आकडे असले की विचार पक्का होतो, म्हणून दोन्ही वृत्तचितींची त्रिज्या ३ सेमी धरू. उंचीसाठी z हे अक्षर वापरू आणि ती अक्षांच्या पातळीपासून मोजू. म्हणजे अक्ष जिथे भेटतात तिथे z = ०, वृत्तचितींच्या माथ्यावर z = ३ आणि तळाशी z = −३.

आधी आकार डोळ्यासमोर आणू, कारण या प्रश्नात अडखळणारे बहुतेक जण आकडेमोडीत नाही, इथेच अडखळतात. सामाईक भाग गोल असेल असे पहिल्यांदा सगळ्यांना वाटते. तो गोल नसतो. पूर्वेकडून पाहिले तर तो वर्तुळ दिसतो, कारण पूर्व-पश्चिम वृत्तचितीचे तोंडच आपल्यासमोर असते. उत्तरेकडून पाहिले तरी वर्तुळच दिसते. पण बरोबर वरून पाहिले तर चौरस दिसतो आणि त्या चौरसावर दोन्ही कर्ण रेखलेले असतात, बंद पाकिटाच्या मागच्या बाजूसारखे. हे कर्ण म्हणजे खऱ्या कडा आहेत. एका वृत्तचितीचा वक्र पृष्ठभाग जिथे संपतो आणि दुसरीचा सुरू होतो, तिथे ही कड उमटते. वरून ती सरळ रेघ दिसते, प्रत्यक्षात ती लंबवर्तुळाकार कमान असते.

कापायचे कुठल्या दिशेने?

सगळा प्रश्न या एका निवडीवर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

वृत्तचिती म्हटली की हात आपोआप अक्षाला काटकोनात काप घेतो. त्याने गोल चकत्या मिळतात आणि चकतीचे क्षेत्रफळ तोंडपाठ असते. मीही हा प्रश्न पहिल्यांदा सोडवायला घेतला तेव्हा असाच काप घेतला आणि एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. झाले असे की पूर्व-पश्चिम वृत्तचितीला असे कापले की तिच्या वाट्याची पूर्ण चकती मिळते, हे खरे. पण दुसरी वृत्तचिती त्या चकतीचा वरचा आणि खालचा भाग छाटून टाकते. उरते ती वर-खाली सपाट आणि बाजूंना गोल अशी आकृती. मध्यापासून जितके दूर जाल तितकी ती चपटी होत जाते. तिचे क्षेत्रफळ काढायला वर्तुळखंड लागतात, त्यांच्यासाठी कोन लागतात आणि पुढे त्या कोनांची बेरीज करत बसावे लागते. वाट चुकीची नाही, शेवटी उत्तर तेच येते. पण वाटभर सोबत करणारा π शेवटच्या ओळीत अचानक नाहीसा होतो आणि का नाहीसा झाला ते कळत नाही.

आता सुरी आडवी धरा, जमिनीला समांतर. म्हणजे ती दोन्ही अक्षांना समांतर झाली. अशा कापाने एका वृत्तचितीचे काय होते ते आधी एकटे पाहू. लाकडाचा ओंडका लांबीच्या दिशेने चिरला की फळी निघते, तसेच इथे होते. कापाचा आकार म्हणजे एक लांब पट्टी, दोन्ही कडा सरळ आणि समांतर. मधोमध चिरले तर पट्टी सर्वांत रुंद, ६ सेमी. जसजसे वर जाऊ तसतशी ती अरुंद होते आणि माथ्यावर नुसती रेघ उरते. गोलाई कुठे गेली? ती पट्टीच्या आकारात नाही. उंचीनुसार रुंदी कशी बदलते, त्या बदलात ती लपली आहे.

त्याच उंचीवर दुसऱ्या वृत्तचितीतूनही पट्टीच निघते, तेवढ्याच रुंदीची, फक्त ती दक्षिण-उत्तर जाते. एक पट्टी पूर्व-पश्चिम, दुसरी दक्षिण-उत्तर, रुंदी सारखी आणि काटकोनात एकमेकींवर ठेवलेली. दोघींचा सामाईक तुकडा म्हणजे चौरस. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या टेबलावर अधिक चिन्हासारख्या ठेवून हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. पुढचे सगळे याच चौरसावर चालते.

चौरसाची बाजू

z उंचीवर पट्टी किती रुंद, एवढेच काढायचे आहे. वृत्तचितीच्या तोंडाकडे पाहा. समोर ३ सेमी त्रिज्येचे वर्तुळ आहे आणि केंद्रापासून z उंचीवर सुरीची आडवी रेघ गेली आहे. त्या रेघेचा वर्तुळातला भाग म्हणजे जीवा आणि जीवेची लांबी हीच पट्टीची रुंदी. केंद्रापासून जीवेच्या टोकापर्यंत त्रिज्या काढा. काटकोन त्रिकोण तयार झाला: उभी बाजू z, कर्ण ३ आणि आडवी बाजू अर्धी जीवा. अर्ध्या जीवेला s म्हणू. पायथागोरसच्या प्रमेयाने

s² + z² = ९, म्हणून s² = ९ − z²

चौरसाची पूर्ण बाजू २s, म्हणून त्याचे क्षेत्रफळ

A(z) = (२s)² = ४s² = ४(९ − z²) = ३६ − ४z²

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. s काढायला वर्गमूळ लागते, पण चौरसाच्या क्षेत्रफळात s चा वर्ग येतो आणि वर्गमूळ आपोआप निघून जाते. π तर वाटेत कुठे आलाच नाही, कारण आपण एकही गोल काप घेतला नाही. अंतिम उत्तरात π का नसतो याचे कारण इतके साधे आहे.

थोडे आकडे घालून पाहू. z = ० असताना क्षेत्रफळ ३६ चौसेमी, म्हणजे ६ सेमी बाजूचा चौरस. z = १ ला ३२. z = २ ला २०. z = ३ ला शून्य. पहिल्या सेंटिमीटरमध्ये क्षेत्रफळ फक्त ४ ने घटले, दुसऱ्यात १२ ने आणि तिसऱ्यात एकदम २० ने. आकार मध्याजवळ भरलेला राहतो आणि टोकाकडे झपाट्याने निमुळता होतो, हे या घटीतच दिसते.

थर लावून बेरीज

आता वरच्या अर्ध्या भागाचे १ सेमी जाडीचे तीन थर करा. प्रत्येक थर म्हणजे चौकोनी फरशी समजा. फरशीचा चौरस थराच्या तळाइतका घेतला तर तीन फरश्यांचे घनफळ ३६ + ३२ + २० = ८८ घसेमी. हे खऱ्यापेक्षा जास्त, कारण प्रत्येक फरशी वरच्या बाजूला आकाराबाहेर डोकावते. थराच्या माथ्याइतका चौरस घेतला तर ३२ + २० + ० = ५२, हे कमी. खालचा अर्धा भाग अगदी तसाच आहे, म्हणून दुप्पट करू. म्हणजे खरे घनफळ १०४ आणि १७६ यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

ही फट फार मोठी आहे. ती कमी करण्याचा साधा उपाय म्हणजे प्रत्येक थराच्या मध्यावरचा चौरस घेणे. z = ०.५, १.५ आणि २.५ यांवर क्षेत्रफळे येतात ३५, २७ आणि ११. बेरीज ७३, दुप्पट १४६. थर अर्ध्या सेमीचे केले तर सहा चौरसांची क्षेत्रफळे अशी येतात: ३५.७५, ३३.७५, २९.७५, २३.७५, १५.७५, ५.७५. बेरीज १४४.५, तिला जाडी ०.५ ने गुणून ७२.२५ आणि दुप्पट १४४.५. थरांची जाडी निम्मी केली तर १४६ वरून १४४.५. आणखी निम्मी करा, १४४.१२५ येते. उत्तर कुठे जाऊन थांबणार हे आता ओळखता येते.

हे थर मी खरोखर कापून घ्यायला सांगेन, कारण कागदावरचे चित्र या आकाराला न्याय देत नाही. ५ मिमी जाडीचा फोमबोर्ड घ्या. वरच्या सहा क्षेत्रफळांची वर्गमुळे म्हणजे चौरसांच्या बाजू: ५.९८, ५.८१, ५.४५, ४.८७, ३.९७ आणि २.४० सेमी. प्रत्येक मापाचे दोन, असे बारा चौरस. प्रत्येकावर कर्ण काढून मध्य शोधा आणि मध्यातून एक बारीक तार ओवा. सर्वांत मोठे दोन मध्यावर एकमेकांना चिकटून, त्यांच्या वर आणि खाली क्रमाने लहान होत जाणारे. इथे हमखास एक चूक होते. तारेमुळे मध्य जुळतात, पण चौरस तारेभोवती फिरतात. एखादा जरी तिरका बसला तरी बाजूने पाहताना वर्तुळ बिघडलेले दिसते. म्हणून चिकटवताना एका बाजूला सरळ पट्टी धरून सगळ्यांच्या कडा समांतर आहेत का ते पाहत राहा.

थर जुळले की समोरून पाहा, पायऱ्यापायऱ्यांचे वर्तुळ दिसेल. पाव वळसा फिरवा, पुन्हा तेच वर्तुळ. आता त्याच्या निम्माच, म्हणजे एक अष्टमांश वळसा उलट फिरवून कोपरा स्वतःकडे घ्या. उंची तीच ६ सेमी, पण रुंदी जवळजवळ साडेआठ सेमी झालेली दिसेल, कारण आता तुम्ही चौरसांचे कर्ण पाहत आहात आणि ६√२ म्हणजे सुमारे ८.४९. वर सांगितलेली लंबवर्तुळाकार कड ती हीच. बोर्ड ५ ऐवजी ३ मिमीचा असेल तर ही मापे चालणार नाहीत. मग प्रत्येक थराच्या मध्याची उंची घेऊन बाजू नव्याने काढाव्या लागतील.

अचूक उत्तर

संकलन येत असेल तर काम दोन ओळींचे आहे. वरच्या अर्ध्या भागासाठी ३६ − ४z² चे ० ते ३ संकलन करायचे: ३६ × ३ − ४ × (२७/३) = १०८ − ३६ = ७२. दुप्पट १४४ घसेमी. त्रिज्या ३ ऐवजी r ठेवली तर A(z) = ४(r² − z²) आणि तीच कृती करून

V = १६r³/३

r = ३ घालून पाहा: १६ × २७ / ३ = १४४. सामाईक भागाला बाहेरून बरोबर बसणारा घन ६ सेमी बाजूचा, त्याचे घनफळ २१६. म्हणजे सामाईक भाग त्या घनाच्या बरोबर दोन तृतीयांश आहे. आर्किमिडीजने इरॅटोस्थेनीसला लिहिलेल्या पत्रात हेच विधान केले आहे, घनात बसवलेल्या दोन वृत्तचितींच्या भाषेत. ज्या हस्तलिखितात ते आहे त्याची ओळख १९०६ साली पटली.

संकलन येत नसेल तरी काही अडत नाही, उलट त्या वाटेने गेलात तर मला जास्त आनंद होईल. ही वाट चीनमधली आहे. इसवी सन २६३ च्या सुमाराला ल्यू ह्वेई या गणितज्ञाने गोलाचे घनफळ शोधताना या आकाराचा विचार केला. त्याला त्याने दिलेल्या नावाचा अर्थ साधारण ‘जोडलेली चौकोनी झाकणे’ असा होतो आणि वरून पाहिलेले ते पाकीट आठवले की नाव किती नेमके आहे ते पटते. या आकाराचे घनफळ मात्र त्याला काढता आले नाही. तसे त्याने सरळ लिहून ठेवले आणि प्रश्न पुढच्या माणसावर सोपवला. दोनशेहून अधिक वर्षांनी त्सू गंगने तो सोडवला. त्याची युक्ती अशी की आकाराच्या आत पाहायचेच नाही, आकाराबाहेर घनात जे उरते ते मोजायचे.

घनाचे आठ सारखे भाग करा. एक भाग म्हणजे ३ सेमी बाजूचा छोटा घन. त्याचा एक कोपरा अक्ष जिथे भेटतात तिथे आहे. या छोट्या घनात z उंचीवर आडवा काप घ्या. काप म्हणजे ३ बाजूचा चौरस, ९ चौसेमी. त्याच्या एका कोपऱ्यात आपल्या आकाराचा वाटा आहे, s बाजूचा छोटा चौरस. बाहेर उरते ती काटकोनी गुण्यासारखी पट्टी. तिचे क्षेत्रफळ ९ − s². पण s² म्हणजे ९ − z². म्हणून

उरलेले क्षेत्रफळ = ९ − (९ − z²) = z²

हे पुन्हा एकदा सावकाश वाचा. गुण्याच्या आकाराची ती वेडीवाकडी पट्टी, पण तिचे क्षेत्रफळ z बाजूच्या साध्या चौरसाइतके आहे. z = १ ला १, z = २ ला ४, z = ३ ला ९. आता एक पिरॅमिड उलटा ठेवा, टोक खाली z = ० वर आणि ३ × ३ चा चौरस तळ वर z = ३ वर. त्याचा z उंचीवरचा काप नेमका z बाजूचा चौरस असतो. दोन घनाकृतींचे प्रत्येक उंचीवरचे काप क्षेत्रफळाने सारखे असतील तर त्यांची घनफळे सारखी. एका गठ्ठ्यातले कागद बाजूला सरकवले तरी गठ्ठ्याचे घनफळ बदलत नाही, तोच हा विचार. युरोपात हे तत्त्व सतराव्या शतकात कॅव्हालिएरीच्या नावाने रूढ झाले. त्सू गंग त्याआधी हजारहून अधिक वर्षे ते वापरत होता.

पिरॅमिडचे घनफळ तळ गुणिले उंची भागिले ३, म्हणजे ९ × ३ / ३ = ९ घसेमी. हा तिसरा हिस्सा का, अशी शंका आली तर छोट्या घनाचा एक कोपरा धरा. त्या कोपऱ्याला न टेकणाऱ्या बाजू तीन आहेत. त्यांतल्या प्रत्येकीला तळ मानून कोपऱ्याशी जोडले की तीन सारखे पिरॅमिड होतात आणि अख्खा घन त्यांत संपतो. टोक मध्यावर नाही, कोपऱ्यावर आहे, पण आपल्याला हवे तसे चौरस काप त्यातही मिळतात.

छोट्या घनाचे घनफळ २७. बाहेर उरलेला भाग ९. म्हणून आतला भाग १८ आणि असे आठ: १४४ घसेमी.

ल्यू ह्वेईला हा आकार मुळात का हवा होता तेही पाहून घ्या, कारण त्यातून गोलाचे घनफळ फुकट मिळते. ३ सेमी त्रिज्येचा गोल आपल्या आकारात बरोबर बसतो. z उंचीवर गोलाचा काप s त्रिज्येचे वर्तुळ, आपल्या आकाराचा काप २s बाजूचा चौरस आणि वर्तुळ त्या चौरसाच्या चारही बाजूंना टेकलेले. क्षेत्रफळे πs² आणि ४s². प्रत्येक उंचीवर गुणोत्तर तेच, π : ४. म्हणून घनफळांचेही तेच: गोल = (π/४) × १४४ = ३६π, सुमारे ११३.१ घसेमी. नेहमीच्या सूत्राने ताडून पाहा, (४/३)π × २७ हेही ३६π.

उत्तर चुकले हे कसे ओळखायचे

वरच्या आकड्यांतूनच दोन कुंपणे मिळतात. गोल आकाराच्या आत आहे, म्हणून उत्तर ११३.१ पेक्षा जास्तच हवे. आणि संपूर्ण आकार ६ सेमी लांबीच्या एका वृत्तचितीत मावतो, तिचे घनफळ ५४π, सुमारे १६९.६, म्हणून उत्तर त्याहून कमीच हवे. या दोन आकड्यांबाहेर काहीही आले की थांबायचे.

३६ आले असेल तर चौरसाची बाजू २s ऐवजी s घेतली आहे. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण पायथागोरसने s मिळतो आणि घाईत तीच बाजू वाटते. ७२ आले तर खालचा अर्धा भाग विसरला आहे. ११५२ आले तर त्रिज्येच्या जागी व्यास गेला आहे, कारण त्रिज्या दुप्पट झाली की घनफळ आठपट होते. आणि उत्तरात π दिसला तर सूत्र पाठ केलेल्या कुठल्यातरी दुसऱ्या आकाराचे आहे, किंवा चौरसाच्या जागी वर्तुळ गेले आहे.

आणखी एक झटपट पडताळा आहे. A(z) मध्ये z चा वर्ग आहे, त्याहून मोठा घात नाही. अशा वेळी तळाचे क्षेत्रफळ, मधल्याची चौपट आणि माथ्याचे क्षेत्रफळ यांची बेरीज करून तिला उंचीच्या सहाव्या भागाने गुणले की अचूक घनफळ मिळते. इथे उंची ६, टोकांना ० आणि ०, मध्ये ३६: (६/६) × (० + ४ × ३६ + ०) = १४४.

हे सूत्र कुठवर चालते

अधिक चिन्हासारख्या संपूर्ण जोडाचे घनफळ हवे असेल तर दोन्ही वृत्तचितींची बेरीज करून सामाईक भाग एकदा वजा करायचा, कारण बेरजेत तो दोनदा मोजला गेला. दोन्ही १२ सेमी लांब आणि मध्यावर छेदणाऱ्या असतील तर २ × १०८π − १४४, म्हणजे सुमारे ५३४.६ घसेमी. छेदनबिंदूच्या प्रत्येक बाजूला वृत्तचिती निदान एका त्रिज्येइतकी लांब हवी, नाहीतर पट्ट्या अपुऱ्या पडतात आणि चौरस पुरे होत नाहीत.

अक्ष काटकोनात नसतील, पण भेटत असतील आणि जाडी सारखीच असेल, तर पट्ट्या तिरक्या छेदतात आणि चौरसाचा समभुज चौकोन होतो. त्याचे क्षेत्रफळ ४s² भागिले कोनाचे साइन. हा भागाकार प्रत्येक उंचीवर सारखाच, म्हणून घनफळही तेवढ्यानेच भागायचे. ३०° च्या कोनात साइन अर्धे, म्हणून १४४ चे २८८ होते. बाकी कृती बदलत नाही, फक्त वृत्तचिती आणखी लांब हव्यात.

जाडी वेगळी असली की मात्र चित्र बदलते. एकीची त्रिज्या ३ आणि दुसरीची २ धरा. काटकोन आहे, अक्ष भेटतात, पण पट्ट्यांची रुंदी वेगळी आहे, म्हणून काप चौरस नसून आयत येतो. त्याचे क्षेत्रफळ ४√(९ − z²) × √(४ − z²). आता दोन वेगवेगळी वर्गमुळे एकमेकांशी गुणली गेली आहेत आणि ती निघून जात नाहीत. या संकलनाचे उत्तर शाळा-कॉलेजातल्या नेहमीच्या फलनांत बसत नाही. तिथे पुन्हा थरांकडेच वळावे लागते. उंची −२ ते २, अर्ध्या सेमीच्या थरांनी ७१.७, पाव सेमीच्या थरांनी ७१.२ येते. सारख्या जाडीच्या उदाहरणात थर निम्मे केले की चूक चौथाई होत होती. इथे ती इतक्या वेगाने घटत नाही, कारण z = २ जवळ आयताची रुंदी एकदम कोसळते आणि थराचा मध्य ती कोसळण नीट पकडू शकत नाही. म्हणून टोकाजवळच्या शेवटच्या अर्ध्या सेमीत थर बाकीच्यांपेक्षा बारीक ठेवायचे.